आजीच्या चहाचा पुडा परदेशात शोधताना

माझा मावसभाऊ सिन्नरहून म्युनिकला शिकायला आला तेव्हा त्याच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी होती, मेतकूट होतं, पोहे होते. चहा मात्र नव्हता. चहा काय, कुठेही मिळेल, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. विद्यापीठाजवळच्या सुपरमार्केटातून आणलेल्या पुडीचा पहिला कप त्याने बेसिनमध्ये ओतला आणि आजीचा चहा शोधायला निघाला. त्या शोधात त्याला जे कळलं ते नव्याने आलेल्यांना उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने लिहितो आहे. गाव म्युनिक असलं तरी जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या शहरांत चित्र असंच आहे.

आधी घरी फोन करा, मग दुकानात जा

बहुतेक जण उलट करतात. नुसतं नाव डोक्यात ठेवून दुकानं पालथी घालतात. आमच्या या मुलाला तर नावही धड माहीत नव्हतं. आजी त्याला 'लाल पुडा' म्हणायची, आणि लाल रंगाचे पुडे भारतात निदान डझनभर कंपन्या काढतात.

व्हिडिओ कॉलवर आजीकडून तीन गोष्टी मागून घ्या. पुड्याच्या चारही बाजूंचे फोटो. पांढऱ्या बशीत चिमूटभर चहा आणि शेजारी रुपयाचं नाणं, म्हणजे दाणा केवढा आहे ते नीट दिसतं. आणि तिसरी, जी कोणी विचारत नाही: डब्यात पुड्यातला चहा सोडून आणखी काय आहे?

आमच्याकडे हा प्रश्न विचारला आणि आजी सहज म्हणाली, "आणि काय असणार? वाण्याकडची बारीक. तीन वाट्या पुड्यातला आणि एक वाटी बारीक. नुसत्या पुड्याला रंग नाही येत रे."

म्हणजे लहानपणापासून तो जो चहा पीत आला तो कुठल्याच कंपनीचा नव्हता. चार वाट्यांतली एक वाटी बाजारपेठेतल्या किराणा दुकानातल्या पोत्यातली होती, तिला ना नाव ना छाप. महाराष्ट्रात हे घरोघरी चालतं. कोणी दोन पुडे एकत्र करतं, कोणी दाणेदार मामरीत बारीक डस्ट घालतं. त्यामुळे 'आपल्या घरचा ब्रँड' हा प्रत्यक्षात बऱ्याचदा घरी केलेला मेळ असतो. हे आधी कळलं तर पुढची अर्धी पायपीट वाचते.

जाता जाता चमचाही विचारून घ्या. आजीचा चमचा म्हणजे चहाच्या डब्यात कायम पडलेला तो खोलगट पितळी चमचा, आणि तोही शिगोशीग. इथल्या वसतिगृहातल्या सपाट चमच्याशी त्याचा काही संबंध नाही. सपाट चमचाभर दाणेदार चहा साधारण दोन-अडीच ग्रॅम भरतो. आजीचा चमचा त्याच्या दीडपट तरी होता.

पुड्यात काय आहे ते ओळखा

आपल्याकडे दूध घालून उकळायचा जो चहा असतो तो जवळपास सगळा सीटीसी असतो. पान उलट्या वेगाने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून जातं, चिरडलं जातं, फाटतं आणि त्याची गोळी वळते. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. पान इतकं फाटल्यामुळे रंग आणि कडकपणा दोन मिनिटांत पाण्यात उतरतो, आणि दूध पडल्यावरही दबत नाही. युरोपातल्या चहाच्या खास दुकानात बरणीत दिसणारी लांब, वळलेली पानं वेगळ्या पद्धतीची. ती गरम पाण्यात भिजवून, दुधाशिवाय प्यायची. महागातला दार्जिलिंग आणून आलं-दुधात उकळला तर पैसे वाया जातात आणि चहा पाणचटच लागतो. नवीन मुलांकडून पहिल्या महिन्यात सर्रास होणारी चूक ही.

सीटीसीतही मोठा दाणा आणि बारीक डस्ट असे दोन टोकांचे प्रकार आहेत. मोठा दाणा सावकाश उतरतो, त्याला वास आणि चव जास्त. बारीक लगेच रंग देते आणि जिभेवर कडक लागते. आजीने दोन्ही एकत्र का केलं, याचं उत्तर इथे आहे. पुड्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणून तो बशीतला फोटो लागतो. दाणे गोल, करडे-तपकिरी आणि बशी हलवली की घरंगळणारे असतील तर मोठी सीटीसी. बशीला चिकटून राहणारी पूड असेल तर डस्ट.

दुकानं, कुठली आणि कोणत्या क्रमाने

नकाशात `Indische Lebensmittel` किंवा `Asia Markt` असं टाइप करा. म्युनिकमध्ये मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला, ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेरश्ट्रासे या रस्त्यांच्या आसपास भारतीय, पाकिस्तानी, अफगाण, अरबी आणि तुर्की दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. रविवारी जाऊ नका, इथे रविवारी दुकानं बंद. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये इतर दिवशीही रात्री आठला शटर पडतं. भारतात रात्री दहाला कोपऱ्यावरून दूध आणणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

भारतीय दुकानात लाल पुडा मिळाला का? पुडे तीन मिळाले, लाल रंगाचे, आणि तिन्ही वेगळ्याच कंपन्यांचे. रेड लेबल, टाटा टी, वाघ बकरी अशी भारतभर खपणारी नावं इथे बहुतेक दुकानांत सापडतात. जिल्ह्या-दोन जिल्ह्यांत चालणारी नावं जवळजवळ कधीच सापडत नाहीत. याची कारणं साधी आहेत. युरोपीय संघाच्या कीटकनाशकांच्या मर्यादा कडक आहेत, त्यात बसल्याचा पुरावा लागतो. मजकूर इथल्या भाषेत छापावा किंवा चिकटवावा लागतो. आणि आयात करणारा व्यापारी कंटेनरमध्ये जे हमखास खपेल तेच भरतो. पाच-दहा मराठी पोरांसाठी तो सिन्नरचा पुडा का आणेल?

पुडा हातात घेतला की मागे वळवा. इथे विकल्या जाणाऱ्या पुड्यावर जर्मन मजकुराची पांढरी चिकटपट्टी असते, त्यावर आयातदाराचं नाव आणि पत्ता असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला "हा ब्रँड आणाल का?" असं मोघम विचारलं तर तो मान डोलावतो आणि विसरतो. "तुमच्या या आयातदाराच्या यादीत हे नाव आहे का, मी पूर्ण खोका घेईन," असं म्हटलं तर तो फोन उचलतो. आमच्या मुलाने तसंच केलं. दुकानदार पंजाबी होता, बोलायला मोकळा. त्याने समोरच फोन लावला आणि दोन मिनिटांत उत्तर दिलं, यादीत नाही. उत्तर नकाराचं असलं तरी त्याने पुढचे कित्येक शनिवार वाचले. यादीत असता तर खोका भरण्याइतके मराठी मित्र गाठणं काही अवघड नव्हतं.

घेण्याआधी पुड्याचा वास घ्या. गंमत नाही ही. चहा भोवतालचा वास ओढून घेतो, आणि लहान दुकानात चहाच्या फळीच्या वर उदबत्त्या नाहीतर खाली मसाल्यांची पाकिटं असतात. कागदी खोक्यातला चहा सहा महिने तिथे राहिला तर चंदनाचा होतो. आतून चांदीच्या कागदाचं सीलबंद पाकीट असेल तर धोका कमी. तारीखही पाहा. चहा नासत नाही, पण मुदत दोन महिन्यांवर आलेला पुडा म्हणजे भारतातून निघून बराच काळ लोटलेला पुडा.

बाकीच्या दुकानांचं थोडक्यात सांगतो. पाकिस्तानी दुकानात 'दानेदार' नावाने मिळणारा चहा जरूर घ्या. पाकिस्तानात चहा बहुतांश केनियाहून येतो, आणि केनियाचा चहा बहुतेक सीटीसीच असतो. रंग भरपूर, कडकपणा भरपूर, आसामच्या चहाचा तो भाजल्यासारखा, जाडसर वास मात्र कमी. श्रीलंकेच्या तमिळ दुकानातली बारीक पूड आजीच्या 'वाण्याकडच्या बारीक'ला बरीच जवळ जाते. तुर्की चहा काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागातला. दोन मजली किटलीत मंद आचेवर मुरवून प्यायला उत्तम, दुधात मार खातो. अफगाण दुकानातून वेलची घ्या, चहा राहू द्या.

नाव तेच, चहा तोच असेल असं नाही

ज्यांच्या आजीचा पुडा मोठ्या कंपनीचा आहे त्यांना तो इथे मिळतो, आणि पहिल्या घोटाला "हा तो नव्हे" असं वाटतं. पुष्कळदा ते खरंही असतं. चहा कंपन्या भारतातसुद्धा एकाच नावाखाली प्रांताप्रांतात वेगळा मेळ विकतात, कारण कुठे मोठा दाणा आवडतो, कुठे पूड. परदेशी जाणारा पुडा आणखी वेगळा असू शकतो. तेव्हा नाव जुळलं तरी बशी काढा, चिमूटभर ओता आणि आजीच्या फोटोशेजारी धरून बघा. फोटोपेक्षा दाणा बारीक दिसला तर उकळायचा वेळ कमी करा, नाहीतर तुरट होतो.

आता साध्या जर्मन सुपरमार्केटात या

हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

जर्मनीला आपण कॉफीचा देश समजतो. पण वायव्येला, उत्तर समुद्राच्या काठावर ओस्टफ्रिसलंड नावाचा सपाट, वाऱ्याचा, गाईगुरांचा प्रदेश आहे. तिथली माणसं दरडोई वर्षाला सुमारे 300 लिटर चहा पितात. आणि तो चहा मुख्यतः आसामचा. तिथले चहावाले गेली दोन शतकं वेगवेगळ्या मळ्यांचा माल चाखून मेळ घालत आले आहेत. लेअर गावातलं ब्युंटिंग हे घराणं 1806 चं, एमडेनचं थीले 1873 चं. 'एश्टर', म्हणजे अस्सल, असं पुडीवर लिहायचं असेल तर मेळ ओस्टफ्रिसलंडमध्येच घातलेला असावा लागतो. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा ओतला की खडा तडकल्याचा आवाज येतो, मग कडेने चमचाभर साय. ढवळायचं नाही. पाहुण्याने तीन कप घेतल्याशिवाय उठायचं नाही. आपल्या आजीला हे लोक आवडले असते.

या प्रदेशाची पुडी म्युनिकच्या सुपरमार्केटातही बऱ्याचदा मिळते, चहाच्या फळीवर, बहुधा खालच्या खणात. फळ्या बघताना घोळ होतो, कारण इथे वाळवलेल्या सफरचंदापासून बडीशेपेपर्यंत कशाच्याही काढ्याला 'टे' म्हणतात. 'श्वार्त्सटे', म्हणजे काळा चहा, एवढीच पाटी शोधा, त्यात 'ओस्टफ्रिसन' लिहिलेली पुडी पाहा, आणि ती पिशव्यांची नको, 'लोजे', म्हणजे सुटी घ्या. पिशवीतला चहा दुधात उकळला की कागदाची चव येते, आणि पिशवी फुटली तर गाळणीच्या बाहेर कारभार जातो.

पान बारीक तुटलेलं, काळं असतं. गोळी वळलेली नसते, म्हणून सीटीसीइतका झटपट रंग येत नाही. नुसता हा चहा दुधात घातला तर थोडा फिका वाटेल. पण झाकण उघडल्यावर जो वास येतो तो आसामचा, आणि भारतीय दुकानातल्या शिळ्या पुड्यात नेमका तोच हरवलेला असतो.

इथे आजीची वाटी कामाला आली. मुलाने दानेदार चहा, तमिळ दुकानातली बारीक पूड आणि ओस्टफ्रिसन असे तीन प्रकार टेबलावर मांडले. दोन भाग दानेदार आणि एक भाग बारीक, हे पहिलं मिश्रण. रंग बरोबर, कडकपणा जास्त, वास नाही. मग त्याने दानेदारातला एक भाग काढून तिथे ओस्टफ्रिसन घातला, म्हणजे तिन्ही सारखे. वास आला, पण बारीकमुळे घशात तुरट लागत होतं. शेवटी दोन भाग दानेदार, दोन भाग ओस्टफ्रिसन आणि अर्धा भाग बारीक, यावर गाडी थांबली. तुमचं प्रमाण वेगळं निघेल. पण चाचणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि चव बिनसाखरेची, बिनआल्याची घ्या. आलं घातलं की सगळे चहा सारखे लागतात.

चहा बरोबर आहे, तरी चव येत नाही?

मग पाणी बघा. म्युनिकचं नळाचं पाणी पिण्याला फार चांगलं आहे, पण कठीण आहे. इथे पाण्याचा कठीणपणा अंशांत मोजतात, 8.4 च्या खाली मऊ, 14 च्या वर कठीण. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा आकडा मिळतो. तेवढीही गरज नाही, किटलीच्या तळाशी पांढरा थर साचला असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

कठीण पाण्यातल्या चुन्यामुळे चहातला तजेला मरतो. ओळखायची खूण: काचेच्या पेल्यात कोरा चहा करा आणि उजेडात धरा. मऊ पाण्यातला चहा लालसर, आरपार दिसतो. कठीण पाण्यातला गढूळ तपकिरी, आणि निवला की वर पातळ तवंग धरतो, कपाच्या कडेला डाग सोडतो. दूध घातल्यावर तवंग दिसत नाही, पण चव सपाटच राहते. बिचारी माणसं मग चहा बदलत बसतात, किंवा चमचा वाढवतात आणि तो कडू होतो.

खात्री करण्यासाठी कमी खनिजांचं, बिनगॅसचं बाटलीतलं पाणी एकदा आणा आणि त्याच चहाचे दोन कप शेजारी शेजारी करा. फरक लागला तर चुना पकडणारा गाळणीचा जग घ्या, रोज बाटल्या वाहायची गरज नाही. फरक लागला नाही तर जगावर पैसे घालवू नका.

दुधाचं थोडक्यात. आजीकडे म्हशीचं दूध होतं, ते इथे विसरा. खोक्यावर 3.5 टक्के किंवा 3.8 टक्के स्निग्धांश लिहिलेलं घ्या, 1.5 वालं नको. 'हा-मिल्श' लिहिलेलं, फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं दूध आधीच फार तापवलेलं असतं. त्याची शिजकट चव चहात उतरते, म्हणून फ्रिजच्या कपाटातलंच उचला. एक कप पाणी, अर्धा कप दूध, आणि तुमच्या मिश्रणाचे दोन सपाट चमचे. चहा आधी पाण्यात तीन मिनिटं उकळू द्या, मग दूध, मग एक उकळी. काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, त्यामुळे उकळी येताना बटण फिरवून उपयोग नाही, भांडंच उचलून बाजूला ठेवायचं.

खरा पुडा हवाच असेल तर

मिश्रणाने रोजचं भागतं, पण लाल पुडा तो लाल पुडा. तो बॅगेतूनच येईल, आणि त्यात अडचण काही नाही. स्वतःच्या वापरासाठी सुका चहा आणता येतो. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात वैयक्तिक सामानासाठी एकूण 430 युरोंपर्यंत कर नाही. चहाने तेवढी मर्यादा ओलांडायची म्हटलं तर बॅग फुटेल. दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना मात्र बंदी आहे. त्यामुळे येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती आजी चहाबरोबर पेढे आणि साजूक तूप द्यायला निघाली, तर तिला आधीच सांगा. विमानतळावर तूप काढून घेतात तेव्हा आणणाऱ्या काकांना जो ओशाळेपणा येतो तो टाळता येण्यासारखा आहे.

पुडे सीलबंदच असू द्या. घोटाळा होतो तो वाण्याकडच्या बारीकचा, कारण ती साध्या पिशवीत, गाठ मारून येते. काळपट पूड, नाव नाही, छाप नाही; तपासणाऱ्याने विचारलं तर काय सांगणार? वाण्याला पिशवी गरम पट्टीने सील करायला सांगा, बहुतेकांकडे ते यंत्र असतं, आणि पिशवीवर मार्करने चहा, वजन, तारीख लिहून दुकानाची पावती आत घाला. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याशा चहाला पावती? त्याच्या बापाने कधी दिली नाही." वाण्याने दिली.

पुडा आला की सगळा एकदम मोठ्या डब्यात ओतू नका. आठवड्यापुरता घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात काढा, बाकी मूळ पुड्यातच दुमडून, हवा काढून, चिमटा लावून ठेवा. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ठेवणार असाल तर मसाल्यांच्या कपाटात नको, आणि शेगडीच्या वरच्या फळीवर तर मुळीच नको. तिथे रोज वाफ चढते आणि पंधरा दिवसांत दाणे मऊ पडतात.